घराण्याची गादी गेली

‘मॅडम, इथं दोन सेकंद रिकामी जातायत. काहीतरी टाका ना.’

रेकॉर्डिस्ट चांगला माणूस होता. वाईट हेतूनं बोलला नाही. त्याच्या समोरच्या पडद्यावर संवादाची रेघ दोन सेकंद सपाट दिसत होती, आणि सपाट रेघ दिसली की त्याला काम अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं. मला मात्र त्या दोन सेकंदांसाठी अर्धा तास भांडावं लागलं, कारण सगळा विनोद त्या दोन सेकंदांतच होता. शेवटी मी हरले. त्या शांततेत ‘अरे देवा, काय हा वारा!’ असं कुणीतरी ओरडतं, आणि तो भाग तसाच गेला.

मी पुण्यात राहते आणि परदेशी कार्टून मालिकांचे मराठी संवाद लिहिते. माहेर परभणी जिल्ह्यातलं, सेलूचं. मराठीत मुलांच्या मालिका याव्यात, असं हल्ली सगळेच म्हणतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर जरा जास्तच जोरात. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. त्या मालिका कुठल्या कागदावरून मराठीत येतात, हे कुणी विचारत नाही. आज माझ्या हातात येणारा कागद बहुतेक वेळा हिंदी असतो. तो इंग्रजीवरून झालेला असतो, आणि इंग्रजी मूळ जपानीवरून. म्हणजे विनोद तीन घरं फिरून चौथ्या घरी येतो. माझं म्हणणं एवढंच की मराठी डबिंग हिंदीच्या कागदावरून करणं बंद झालं पाहिजे. यात हिंदीबद्दल राग नाही. जे विनोद मराठीत सहज बसतात, तेच हिंदीच्या वाटेवर गळून पडतात, अशी माझी तक्रार आहे.

तो दोन सेकंदांचा प्रसंगच उघडून दाखवते. मालिकेचं नाव सांगायची मला मुभा नाही, पण विनोद काही त्या मालिकेच्या मालकीचा नाही. जपानमधल्या प्रत्येक शाळकरी पोराला तो पाठ असतो, आपल्याकडच्या एखाद्या झिजलेल्या कोटीसारखा.

सकाळची वेळ. गॅलरीच्या कठड्यावर गादी वाळत घातलेली आहे. वारा येतो आणि गादी उडून खाली जाते. घरातले बाबा, वय चाळिशीच्या आसपास, स्वतःच्या कोट्यांवर स्वतःच खूश असणारे, वळून बायकोकडं आणि दोन पोरांकडं बघतात आणि म्हणतात, ‘फुतोन गा फुत्तोन्दा!’ फुतोन म्हणजे घडी घालून ठेवायची गादी. फुत्तोन्दा म्हणजे उडून गेली. गादीचं नाव आणि तिचं उडणं यांचा उच्चार सारखा, एवढीच कोटी. पुढं दोन सेकंद कुणी काही बोलत नाही. आभाळातून एक कावळा ओरडत जातो. मग धाकटी मुलगी दोन्ही हातांनी दंड चोळत कुडकुडते आणि म्हणते, ‘समु!’ म्हणजे, गार!

ती का कुडकुडते? जपानीत फसलेल्या विनोदाला ‘थंड’ म्हणतात. बाबांची कोटी इतकी थंड की खोलीत हुडहुडी भरली. चित्रकारानं ती म्हण जशीच्या तशी काढली आहे. वाऱ्याच्या रेषा, निळसर रंग, पोरांच्या अंगावर काटा, सगळं. आणि चित्र तर बदलता येत नाही. डबिंग करणाऱ्याच्या हातात फक्त आवाज असतो.

माझ्याकडं आलेल्या हिंदी कागदावर बाबांचं वाक्य होतं, ‘अरे, गद्दा उड़ गया!’ समोर इंग्रजी स्तंभात, गादी उडाली, आणि कंसात एक शब्द, कोटी. कुठली कोटी, ते नाही. हिंदीवाल्याला दोष देणार नाही, त्याच्याकडंही तेवढंच आलं होतं. पण आता प्रसंग बघा. गादी उडते, बाबा सांगतात गादी उडाली, सगळे गप्प होतात, आणि पोरगी कुडकुडते. कुणालाच काही कळत नाही. म्हणून हिंदीत ती मुलगी म्हणते, ‘कितनी ठंड है!’ म्हणजे विनोदाची हवामानाची बातमी झाली. आणि मधले दोन सेकंद निरर्थक झाले म्हणून ते भरायची गरज पडली. रेकॉर्डिस्टला ते रिकामे वाटले, ते उगाच नाही.

खरी गंमत पुढं आहे. हिंदीत अंथरायचा तो गद्दा आणि राजाची ती गद्दी. दोन शब्द वेगळे. मराठीत दोन्ही गादीच! सातारची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी, आणि पाठ दुखते म्हणून पिंजाऱ्याकडं टाकलेली गादी. आपल्या भाषेनं ही कोटी शतकानुशतकं तयार करून ठेवली आहे, फक्त कुणी उचलायची राहिली होती. हिंदी कागद बाजूला सारला, चित्र पाच वेळा पाहिलं, मूळ आवाज ऐकला, आणि बाबांच्या तोंडी वाक्य आलं:

‘घराण्याची गादी गेली!’

आता मोजून बघू. ‘फुतोन गा फुत्तोन्दा’ला जपानी मोजणीनं नऊ ठोके आहेत: फु, तो, न, गा, फु, त्, तो, न, दा. पडद्यावर वाक्याला साधारण दीड सेकंद आहे. ‘घ-रा-ण्या-ची-गा-दी-गे-ली’ आठ अक्षरं, आणि त्यांतली बहुतेक दीर्घ, त्यामुळं आठातच दीड सेकंद भरतो. शिवाय ‘गादी गेली’मधले दोन ‘ग’ मुळातल्या दोन ‘फु’सारखे कानावर आपटतात. बाबा हे वाक्य छाती फुगवून म्हणतात, आणि हा माणूस कोण आहे ते त्या फुगलेल्या छातीत आहे. ‘घराण्याची’ या भारदस्त शब्दानं ती छाती आपोआप फुगते. आवाज देणाऱ्या कलाकाराला मी काहीच समजावलं नाही, त्यानं पहिल्याच टेकला बखरीतल्या सरदारासारखं म्हटलं.

ओठांचं काय, असं कुणी विचारेल. इथं जपानी मालिकांची एक सोय आहे. त्यांच्याकडं टीव्हीच्या मालिकांमध्ये बहुतेक वेळा चित्र आधी होतं आणि आवाज नंतर. म्हणून तोंडाची चित्रं तीनच असतात: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. तीच आलटून पालटून दाखवतात. कुठलं अक्षर चाललंय ते ओठांवरून कळत नाही. तोंड कधी उघडतं आणि कधी मिटतं, एवढंच जपायचं असतं. बोलणं संपल्यावर तोंड हलत राहिलं किंवा तोंड मिटल्यावर आवाज येत राहिला, की पाच वर्षांचं पोरही ओळखतं. सेकंदाला चोवीस चौकटी असतात. दोन-तीन चौकटींची चूक डोळा माफ करतो. सहा-सात झाल्या की बाहुली बोलल्यासारखं वाटायला लागतं.

राहिली ती कुडकुडणारी पोरगी. मराठीत फसलेला विनोद थंड नसतो. फार तर आपण म्हणतो, पकवू नको. पण कुडकुडत ‘पकवू नको’ म्हणता येत नाही, उलटं होतं. इथं मी दोन दिवस अडले होते. मग भावाशी फोनवर बोलताना तो सहज म्हणाला, ‘लाइट बिल बघूनच गार पडलो.’ गार पडणं! चकित होऊन, हरून, हातपाय गाळून बसणं. गारठ्याचा शब्द आणि हार मानल्याचा अर्थ, दोन्ही एकात. अडचण फक्त मापाची होती. ‘समु’ला पोरीचं तोंड दोनदाच उघडतं, आणि ‘गार पडले मी’ त्यात मावत नाही. पण तिच्या बाजूला मोठा भाऊ पाठमोरा बसलेला आहे. पाठमोऱ्या पात्राला ओठ नसतात. आमच्या धंद्यात पाठ फिरवलेलं पात्र म्हणजे उधारीचं खातं, लागेल तेव्हा वापरा. म्हणून पोरगी दात वाजवत ‘गा-र’ म्हणते, आणि एका श्वासाच्या अंतरानं भाऊ पाठमोराच म्हणतो, ‘पडलो.’

हे सगळं माझ्या कागदावर बसलं ते दोन सेकंद मोकळे ठेवले म्हणून. बाबांच्या वाक्यानंतर ऐकणाऱ्याला ‘गादी’चा दुसरा अर्थ लागायला वेळ लागतो. तो वेळ चित्रकारानं दिलेला आहे. आपल्याकडं कीर्तनकाराला हे सांगावं लागत नाही. तो चरण म्हणतो, टाळकऱ्यांकडं बघतो, उपरणं सारखं करतो, आणि तोवर मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत अर्थ पोचलेला असतो. त्या उपरणं सारखं करण्यात कुणी काही ‘टाकत’ नाही. स्टुडिओत मात्र हे समजावताना माझी फे फे उडाली.

आता कुणी म्हणेल, गादी सापडली हा योगायोग. मान्य. प्रत्येक कोटीला असा जोडीदार मिळत नाही. मी लिहिलेल्या भागांत दहातल्या चार-पाच कोट्या सोडून द्याव्या लागल्या आणि त्या जागी दुसरं काही बसवावं लागलं. पण मराठी आणि जपानी यांच्यात एक नातं आहे, ते योगायोगाचं नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचंही. ते हिंदीतही शेवटीच असतं. फरक नकारात आहे. जपानीत नकार क्रियापदाच्याही मागून येतो, अगदी शेवटी. मराठीत तसाच. ‘आवडला नाही.’ हिंदीत ‘पसंद नहीं आया’, म्हणजे नकार आधी, क्रियापद नंतर. इंग्रजीतही तो मुख्य क्रियापदाच्या आधीच येऊन बसतो.

यानं विनोदाला काय होतं? एक साधा प्रसंग. आजोबा नातवाला विचारतात, नवा मास्तर आवडला का. पोरगं हसऱ्या चेहऱ्यानं वाक्य सुरू करतं. आजोबा खूश होऊन मान डोलवायला लागतात. पोरगं मधे थांबतं. चेहरा सपाट होतो. मग शेवटचा शब्द येतो, नकाराचा. आजोबांची मान अर्ध्यात अडकते. मराठीत हे पाणी ओतावं तसं सरळ येतं: ‘मला तर तो आवडला…’, इथं मान डोलते, ‘…नाही.’ कागद इंग्रजी असेल तर पहिल्या एक-दोन शब्दांतच कळतं की आवडला नाही, आणि तो वाचून लिहिणारा सरळ लिहितो, ‘अजिबात नाही आवडला.’ अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर. पण आजोबा कशासाठी मान डोलवतायत? नकार ऐकल्यावर हा म्हातारा आनंदानं मान डोलवतोय म्हणजे एक तर बहिरा असेल किंवा मास्तराचा वैरी. भित्रं, दुसऱ्याला दुखवायला नको म्हणून आडून बोलणारं ते पोर क्षणात उद्धट होऊन जातं. पात्राचा स्वभाव एका शब्दाच्या जागेनं बदलतो, तो असा.

म्हणून मी म्हणते की मूळ भाषेचा कागद हवा, शब्दांखाली शब्दशः अर्थ दिलेला, आणि बरोबर चित्र हवं. मला जपानी येत नाही. शब्दाखाली अर्थ असेल तर ती यावीच लागते असं नाही. विनोद वाक्यात कुठं आहे, एवढं कळलं की पुढचं काम मराठीचं.

आणि इथं मराठवाड्याचा विषय येतो, जो मला सोडवत नाही.

अमेरिकन कार्टूनमध्ये जपानीच्या उलट पद्धत आहे. आधी आवाज रेकॉर्ड करतात आणि त्यावर तोंड रंगवतात. त्यामुळं प, ब, म आला की ओठ खरोखर मिटलेले दिसतात. चेहरा पडदाभर असेल तर ते चुकवून चालत नाही. आणि या मालिकांमध्ये पोरं सगळ्यात जास्त काय ओरडतात? ‘मॉम!’ ओठ मिटलेले, मग मोठा आ, मग परत मिटलेले. प्रमाण मराठीत ‘आई’. या शब्दात ओठ कुठंच मिटत नाहीत. पडद्यावर पोराचे ओठ घट्ट मिटलेले आणि आवाज येतोय ‘आ’. म्हणून सगळे ‘मम्मी’ वापरतात, आणि मग पालकांची पत्रं येतात की मराठी कार्टूनमध्ये मम्मी कशाला.

आमच्या सेलूत आईला माय म्हणतात. मी माझ्या आईला माय म्हणते. ‘माय!’ म्हणून बघा आरशासमोर. ओठ मिटून सुरू होतो, मोठा आ होतो. शेवटचं मिटणं तेवढं राहतं, ते पुढच्या श्वासात झाकता येतं. पडदाभर चेहऱ्यावर यापेक्षा चपखल शब्द मला मराठीत सापडला नाही. मी तो लिहिला. दिग्दर्शकानं खोडला. कारण दिलं, ‘माय म्हटलं की धुणंभांडी करणाऱ्या बाईचं पोर वाटतं.’

मी धुणंभांडी करणाऱ्या बाईचं पोर नाही, आणि असते तरी काय बिघडलं असतं, असं तेव्हा सुचलं नाही. नंतर जिन्यात सुचलं.

मराठी डबिंगमध्ये बोलीभाषा नाही, असं नाही. आहे. चोराच्या तोंडी आहे, ढेरपोट्या हवालदाराच्या तोंडी आहे, गाढवाच्या तोंडी तर हमखास. नायक, त्याची हुशार मैत्रीण, शास्त्रज्ञ काका, हे सगळे सदाशिव पेठेत जन्मलेले. आणि एखाद्या भागात हशा कमी पडतोय असं वाटलं की फोन येतो, ‘मॅडम, थोडा गावरान तडका मारा.’ म्हणजे बोली हाच विनोद. कोटी नको, वेळ साधायला नको, स्वभाव नको, नुसतं कुणीतरी ‘कामून’ म्हटलं की हसायचं. सेलूतलं पोर हे बघतं तेव्हा ते कुणाला हसत असतं? स्वतःच्या आजीला.

मूळ मालिका सगळ्याच असं करत नाहीत, हे दाखवायला एक सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेते. शिनचॅन आपल्याकडं २००६ पासून हिंदीत दिसतोय. हिंदीत त्याचे आईबाप मित्सी आणि हॅरी. मुळात ते मिसाए आणि हिरोशी. मधल्या इंग्रजी घरात पाहुणचार घेऊन आलेली ही नावं. मुळात हिरोशी आकिताचा, म्हणजे उत्तरेकडच्या थंड, शेतीवाडीच्या मुलखातला. मिसाए दक्षिणेकडच्या कुमामोतोची. संसार टोकियोजवळच्या कासुकाबेमध्ये. हिरोशीचे वडील गावाकडून येतात ते आकिताची बोली बोलत. आणि पोरगं स्वतःला ‘ओरा’ म्हणतं, शहरातलं पोर सहसा म्हणणार नाही असं, गावाकडचं ‘मी’. म्हणजे ते घर अगदी आपल्या पुण्यातल्या मराठवाडी घरासारखं आहे. ऑफिसात ‘करतोय’, आणि गावाहून फोन आला की ‘करायलोय’. रागावल्यावर तर नक्कीच. माझा नवरा एरवी पुणेरीच बोलतो, पण त्याच्या गाडीला कुणी मागून ठोकलं की सात जन्मांचं जालना बाहेर येतं. बोलीचा असा उपयोग करा ना. बाप शहरात सपक बोलतो आणि चिडला की गावाकडचा होतो, हा स्वभाव झाला. त्यावरही हसू येतं, पण ते त्या बापाला ओळखल्याचं हसू असतं.

शिनचॅनचीच दुसरी खोड आपल्यासाठीच केल्यासारखी आहे. जपानमध्ये घरी आल्यावर ‘तादाइमा’ म्हणतात, आणि घरातलं माणूस ‘ओकाएरी’ म्हणून स्वागत करतं. हा बाहेरून येतो आणि स्वतःच ‘ओकाएरी’ म्हणतो. आई रोज दुरुस्त करते, हा रोज तसंच म्हणतो. इंग्रजीत या रिवाजाला जोड नाही, त्यामुळं हिंदी कागदावर पोचेपर्यंत यात फार काही उरत नाही. पण आपण घराबाहेर पडताना काय म्हणतो? ‘जातो’ म्हणत नाही. अशुभ. ‘येतो’ म्हणतो. मग घरात शिरताना दारातून ओरडणारं पोर, ‘येतो गं!’ आणि आतून आई, ‘आलो म्हण, आलो!’ मापात बसतं, खोड तीच राहते, आणि पोर मराठी होतं. मला हे काम मिळालेलं नाही. ज्याला मिळेल त्यानं खुशाल वापरावं.

बोलीवर दोन आक्षेप येतात. पहिला असा की कोकणातल्या पोराला ‘करायलोय’ कळणार नाही. हा आक्षेप फारसा टिकत नाही. ज्या पोराला न शिकवता हिंदी कळली, त्याला चित्र समोर असताना शेजारच्या विभागाची मराठी कळेल. दुसरा आक्षेप खरा आहे, आणि तो मी स्वतःवरच घेते: अशानं जपानी पोर परभणीचं होऊन बसेल. होऊ देता कामा नये. याची सीमा चित्रानंच आखून दिली आहे. जे दिसतं त्याचं नाव बदलायचं नाही. पोकेमॉनच्या अमेरिकन आवृत्तीत एका पात्राच्या हातात स्वच्छ तांदळाचे त्रिकोणी गोळे आहेत आणि तो त्यांना जॅम भरलेले डोनट म्हणतो. जगभर चेष्टा झाली. मी त्याला आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा सुशीला म्हणाले तर माझीही व्हावी. भाताचा गोळा भाताचाच राहू दे. फुतोनला मी गादी म्हटलं, कारण ती दिसतेही गादी आणि वापरतातही गादीसारखी. पोरानं कुठं राहायचं, काय खायचं, ते मुळातलंच. बोलणं कसं, तेवढंच आपलं.

आणि सगळ्यांनाच मराठवाडी बोलायला लावा, असंही मी म्हणत नाही. ती बोली आखूड आहे म्हणून मापाला बरी, असा एक गैरसमज आमच्याकडच्याच लोकांत आहे. बोलताना ‘करतोय’ कर-तोय असं दोन ठोक्यांत उरकतं, ‘करायलोय’ला क-राय-लोय असे तीन लागतात. काही ठिकाणी ती नडते. सगळ्यांच्या तोंडी एकच बोली घालणं म्हणजे पुन्हा सगळे एका पेठेतले, पेठ तेवढी बदलली.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हे करून ठेवलं आहे. भारुडांत ज्याचा वेष त्याची भाषा. हिंदू-तुर्क संवादात तुर्क त्याच्या हिंदुस्तानीत बोलतो, हिंदू मराठीत. दोघं एकमेकांची भरपूर टर उडवतात. पण तुर्काची भाषा वेगळी म्हणून तो विदूषक होत नाही. त्याच्याकडं मुद्दे आहेत, आणि काही जरा वर्मी लागणारे आहेत. आमच्या दिग्दर्शकाकडं तो संवाद गेला असता तर तुर्काला तडका मारला असता.

पैशांचं थोडक्यात. बावीस मिनिटांच्या भागात तीनशेच्या आसपास वाक्यं असतात. मला एका भागाला दोन दिवस मिळतात. हिंदी कागदावरून मराठी करायला ते पुरतात, कारण त्यात करायचं काही नसतंच, क्रियापदं फिरवायची. चित्र बघत लिहायचं तर पाच दिवस लागतात. वाहिनीला हे महाग वाटतं. तेव्हा मागणी कुणाकडं करायची? वाहिनीनं मुळातला कागद मिळवावा, लिहिणाऱ्याला चित्र आधी द्यावं, आणि शेवटच्या पाटीवर त्याचं नाव टाकावं. आवाज देणाऱ्यांची नावं आता कुठं कुठं येतात. लिहिणाऱ्याचं नाव असलं की पालकांची पत्रं त्याला येतील, आणि मग तो ‘अरे देवा, काय हा वारा’ सहजासहजी लिहिणार नाही. सरकारनं मराठीसाठी खर्च करायचं ठरवलंच, तर तो अशा कामाचे तीन जादा दिवस विकत घेण्यात करावा. फलकांना पैसा कमी पडत नाही.

दिवाळीत सेलूला गेले तेव्हा तो प्रसंग मी माझ्या मूळ शब्दांनिशी लॅपटॉपवर नेला होता. स्टुडिओत कापला गेला तो पाठ, मी आणि एका मित्रानं घरीच आवाज देऊन केलेला. भाचा सात वर्षांचा. दुपारीच सायकलवरून पडून उठला होता आणि ओरडला होता, ‘मैं तो बाल-बाल बच गया!’ त्यावर माय म्हणाली होती, ‘बालाला काही झालं नाही लेकरा, गुडघा बघ.’

दोघांना शेजारी बसवून दाखवलं. ‘घराण्याची गादी गेली’ला भाचा हसला नाही. मला वाईट वाटलं. त्याला गादीचा दुसरा अर्थ माहीत असेल असं मी धरून चालले होते. तो ‘गार… पडलो’ला हसला, आणि तेवढंच परत लावायला सांगितलं, चार वेळा. गादीला माय हसली. पण लगेच नाही, आणि पोरीच्या कुडकुडण्यालाही नाही. मधल्या शांततेत.

त्या शांततेत तो कावळा आहे. जपानी कार्टूनमध्ये कुणी बावळटपणा केला की कावळा ‘आहो, आहो’ असं ओरडत जातो. त्यांच्याकडं ‘आहो’ म्हणजे मूर्ख. हा आवाज संगीताच्या पट्ट्यावरच येतो, तो मला काढताही येत नाही आणि बदलताही येत नाही. मी त्याला हात लावलेला नव्हता, खरं तर माझं लक्षच नव्हतं. बाबांनी कोटी केली, घरात सगळे गप्प, आणि वरून कावळा कंटाळलेल्या आवाजात म्हणतो, ‘अहो… अहो…’

‘बघ,’ माय भाच्याला कोपरानं ढोसत म्हणाली, ‘कावळ्याची बायको बी वैतागलीय.’